समाधान कोणाचे? नवराबायकोच्या बोलण्यातील हिंदी आणि मराठी शब्द

हिंदी आणि मराठी या भाषांत कितीतरी शब्द दिसायला सारखे आणि अर्थाने निराळे आहेत, हे आपल्या पिढीला शाळेपासून ठाऊक आहे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि आपल्याकडे शिक्षा म्हणजे गुरुजींची छडी. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे, आणि आपल्याकडे खाली म्हणजे खालच्या बाजूला. अशा शब्दांनी गोंधळ होतो तो घटकाभराचा. ऐकणाऱ्याला वाक्य विचित्र वाटते, तो 'काय म्हणालात?' असे विचारतो, आणि दोघे हसून मोकळे होतात.

आज आम्हाला सांगायचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या शब्दांविषयी. त्यांचे दोन भाषांतील अर्थ एकमेकांच्या इतके शेजारी असतात की वाक्य दोन्हीकडे बरोबर बसते. ऐकणाऱ्याला शंका येत नाही. तो आपल्या भाषेतला अर्थ घेतो, त्याप्रमाणे उत्तर देतो, आणि ते उत्तर समोरच्याच्या मनाला लागते. बाजारात किंवा कचेरीत यामुळे काही बिघडत नाही. पण नवराबायको एकमेकांच्या शब्दातली सावलीसुद्धा ऐकत असतात. म्हणून असे शब्द घरात जास्त त्रास देतात.

जर्मनीत श्टुटगार्ट शहराला लागून गेर्लिंगेन नावाचे लहानसे गाव आहे. तिथे वरच्या टेकडीवर बॉश कंपनीचे मुख्यालय आहे. याच कंपनीचा कारखाना आपल्या नाशिकला आहे. जुन्या लोकांना तो 'मायको' म्हणून आठवेल. त्यामुळे त्या भागात नाशिक-पुण्याकडची माणसे भेटतात, तशी उत्तर हिंदुस्थानातलीही भेटतात. आमची मुलगी तिथे राहते, म्हणून वर्षातून काही आठवडे आमचा मुक्काम तिथे असतो. तिच्या शेजारी एक तरुण जोडपे आहे. बायको नाशिकची, नवरा कानपूरचा. घरात हिंदी बोलतात, मध्येच मराठी येते. आम्ही जुने शिक्षक असल्याचे कळल्यावर त्यांनी आपल्या भांडणांतले शब्दच आमच्यापुढे आणून ठेवले. त्यातले तीन येथे घेतो.

पहिला शब्द 'समाधान'. एका संध्याकाळी ती त्याला हिंदीत म्हणाली, "दिनभर काम करती हूँ, पर समाधान नहीं मिलता." तो लगेच म्हणाला, "किस बात का समाधान?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याने उपाय मोजायला सुरुवात केली. कामाचे तास कमी करून घे. साफसफाईला कोणी तरी लाव. नाही तर नोकरी बदल. तिला वाटले, याला माझे मन कळतच नाही. मी दुःख सांगते आहे आणि हा यादी देतो आहे. त्याला वाटले, हिनेच तोडगा मागितला आणि दिला तर ही रुसली. चार दिवस दोघे जेवणापुरते बोलले.

दोघांपैकी कोणीही खोटे वागले नव्हते. हिंदीत समाधान म्हणजे प्रश्नाचा उलगडा, अडचणीवरचा उपाय. मराठीत समाधान म्हणजे मनाची तृप्ती. मूळ शब्द संस्कृत आहे आणि त्यात 'नीट बसवणे, स्थिर करणे' असा भाव आहे. हिंदीने तो अडचणीला लावला आणि मराठीने मनाला. जुना अर्थ आपल्याकडेही अगदीच गेलेला नाही. 'शंकासमाधान' हा शब्द आपण वापरतोच. पण मराठी बाई एकटे 'समाधान' म्हणाली तर ती मनाबद्दलच बोलते आहे असे समजावे. तिला हिंदीत हवा होता तो शब्द 'संतोष', किंवा रोजच्या बोलण्यातला 'सुकून'. "सुकून नहीं मिलता" असे ती म्हणाली असती तर त्याने यादी काढली नसती, जवळ येऊन बसला असता. उलट बाजूही पाहा. तो मराठीत "याचे समाधान काय?" असे विचारू लागला तर त्याला शिकवावे लागते की येथे 'उपाय' किंवा 'तोडगा' म्हणायचे.

दुसरा शब्द नव्हे, शब्दांची जोडी आहे: 'गर्व' आणि 'अभिमान'. मराठीत अभिमान हा चांगला आणि गर्व हा वाईट. गर्वाचे घर खाली, असे आपण मुलांना सांगत आलो. अभिमान वाईट असेल तर आपण त्याला मुद्दाम 'दुरभिमान' म्हणतो. हिंदीत हे पारडे बहुतेक उलटे आहे. तिथे "मुझे तुम पर गर्व है" हे कौतुक आहे, आणि 'अभिमान' म्हणजे ताठा, अहंकार. १९७३ सालचा हृषीकेश मुखर्जींचा 'अभिमान' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गायक नवऱ्याला बायकोची कीर्ती सहन होत नाही, अशी ती कथा. मराठी अर्थ मनात धरून पोस्टर वाचले तर नवऱ्याला बायकोचा अभिमान वाटतो अशी गोष्ट असेल असे वाटावे. हिंदी नावात रोख आहे तो त्याच्या दुखावलेल्या अहंकारावर. हिंदीतही 'स्वाभिमान' मात्र चांगलाच, हे लक्षात ठेवावे.

नवऱ्याला कामात बढती मिळाली तेव्हा या नाशिकच्या मुलीने कानपूरला सासूबाईंना फोन केला आणि आनंदाने म्हणाली, "माँजी, मुझे इनका बहुत अभिमान है." पलीकडे शांतता. वाक्य नीटसे जुळत नव्हते, पण 'इनका अभिमान' एवढे कानावर पडले आणि सासूबाई समजल्या की सून मुलाच्या ताठ्याची तक्रार करते आहे. त्या रात्री त्यांनी मुलाला वेगळा फोन करून समजावले की बायकोशी नमून वागावे. तो बिचारा विचारात पडला की आपण केले तरी काय! तिने 'गर्व' म्हटले असते, किंवा उर्दूकडचा 'नाज़' शब्द घेतला असता, तर हे झाले नसते. आता तो मराठी शिकतो आहे. त्याला आम्ही सांगून ठेवले आहे की "मला तुझा गर्व आहे" असे मराठीत म्हणू नये. अलीकडे हिंदीच्या प्रभावाने मराठीतही गर्व चांगल्या अर्थाने ऐकू येतो, म्हणून तरुण माणसे ते खपवून घेतील. पण नाशिकच्या सासूबाईंना ते खटकेल.

तिसरा प्रकार सर्वनामांचा. हे शब्द लहान आहेत आणि दिवसातून शंभरदा येतात. आपल्या लहानपणी आई वडिलांना 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणत असे, आणि वडील आईला 'तू'. आताची मराठी जोडपी दोन्ही बाजूंनी 'तू' म्हणतात आणि त्यात जवळीक असते. हिंदीत तीन पायऱ्या आहेत: तू, तुम आणि आप. कानपूरकडच्या घरात बायको नवऱ्याला 'आप' किंवा 'तुम' म्हणते. तिथला 'तू' लहान मुलासाठी, देवासाठी, जिवलग मित्रासाठी, नाही तर रागाच्या भरात येतो. ही मुलगी मराठी सवयीने "तू कब आएगा?" असे विचारी. मुंबईच्या हिंदीत ते चालते. त्याच्या कानाला मात्र ते दर वेळी थोडे टोचत असे, आणि त्याने ते वर्षभर बोलून दाखवले नाही.

मग तो मराठी बोलू लागला तेव्हा उलटे झाले. हिंदीचा 'तुम' मधल्या पायरीवरचा आणि घरगुती आहे, म्हणून मराठीचा 'तुम्ही' तसाच असेल असे त्याने धरले. "तुम्ही जेवलात का?" असे तो प्रेमाने विचारी. तिला वाटे, आज हे परक्यासारखे का बोलतात, काही राग आहे का? मराठीत 'तुम्ही' आदराचा आहे, आणि बरोबरीच्या जोडप्यात आदर अचानक वाढला की तो दुरावा वाटतो.

'हम' आणि 'आम्ही' यांचीही अशीच गंमत आहे. कानपूर, लखनौ आणि त्याच्या पूर्वेकडे पुष्कळ लोक स्वतः एकट्यालाच 'हम' म्हणतात. तो म्हणे, "हम बाज़ार जा रहे हैं," आणि ही पायात बूट घालून तयार होई, तोवर तो जिना उतरून गेलेला असे. मराठीत तर आपल्याला 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणारा सोबत असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही'. हिंदीत हा भेद नाही. म्हणून "आम्ही रविवारी जाणार" असे तो म्हणाला तर त्यातून बायकोला वगळल्यासारखे होते. त्याने 'आपण' म्हणायला हवे, पण त्याच्या कानाला 'आपण' हा 'आप'सारखा, म्हणजे दुसऱ्याला उद्देशून वाटतो. (आम्ही या लेखात स्वतःला 'आम्ही' म्हणतो आहोत, ती लिहिण्याची जुनी रीत आहे. घरात ती चालत नाही!)

हे आपल्याच दोन भाषांत होते असे समजू नये. गेर्लिंगेनच्या आसपासचे जुने लोक श्वाबी बोली बोलतात. पुस्तकी जर्मनमध्ये 'हेबेन' म्हणजे उचलणे. श्वाबीत त्याचा अर्थ धरून ठेवणे. उत्तरेकडच्या माणसाला श्वाबी बायकोने शिडी 'हेबेन' करायला सांगितली तर तो ती उचलू लागतो, आणि ती वर चढलेली असते.

शब्दाने घोटाळा केला आहे हे ओळखायचे कसे? आमच्या अनुभवात एक खूण उपयोगी पडते. उत्तर चटकन आले, चांगल्या मनाने आले, आणि तरी ते प्रश्नाशी जुळले नाही, तर आधी शब्दावर संशय घ्यावा. मग तेच वाक्य तो शब्द न वापरता पुन्हा सांगावे. 'समाधान नाही' याऐवजी 'मन भरत नाही' म्हणावे. दुसऱ्याचा चेहरा बदलला तर चूक शब्दाची होती. नाही बदलला तर भांडण खरे आहे, आणि ते भाषेवर ढकलून मिटणार नाही. आणखी एक गोष्ट. राग तापलेला असताना शब्द दुरुस्त करू नये. तेव्हा व्याकरण सांगणे म्हणजे चेष्टा करणे. आणि हा शब्दही जपून वापरावा, कारण हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. कानपूरच्या जावयाने "मैंने बहुत चेष्टा की" असे सांगितले तर तो थट्टा केल्याची कबुली देत नाही. मनापासून धडपडल्याचे सांगतो आहे.