आजार यकृताचा, मग रक्ताची उलटी का होते? पोर्टल हायपरटेन्शन समजून घ्या

५४ वर्षांचे एक गृहस्थ. दोन दिवसांपासून शौचाला डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होत होती. उठून उभे राहिले की चक्कर येई. 'पित्त झालं असेल' म्हणून घरचे उपाय चालू होते. तिसऱ्या दिवशी पहाटे रक्ताची मोठी उलटी झाली आणि त्यांना रुग्णालयात आणावे लागले. पत्नीशी बोलताना आणखी दोन गोष्टी कळल्या. वर्षभरापासून त्यांच्या बेंबीभोवती निळसर शिरा दिसत होत्या, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत प्लेटलेट्स ७८ हजार होत्या. 'डॉक्टर, आजार लिव्हरचा म्हणता, मग रक्त अन्ननलिकेतून कसं आलं?' असे त्यांनी विचारले. अशा रुग्णांचे बहुतेक नातेवाईक हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर शरीरातील रक्ताच्या वाटांमध्ये आहे.

रक्ताची वाट कशी असते?

हात, पाय, डोके यांतले अशुद्ध रक्त शिरांमधून थेट हृदयाकडे जाते. जठर, आतडी आणि प्लीहा यांतले रक्त मात्र आधी यकृतात जाते. ते नेणाऱ्या मोठ्या शिरेला पोर्टल शीर म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या एकाच शिरेतून येते. यकृतातून गाळून निघाल्यावर ते हृदयाकडे जाते.

निरोगी यकृत मऊ असते आणि त्यातून रक्त सहज पुढे सरकते. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, फॅटी लिव्हर अशा कारणांनी सिरॉसिस झाला की यकृतात व्रणासारख्या कडक गाठी तयार होतात. मग रक्ताला पुढे जायला जागा उरत नाही आणि मागे, पोर्टल शिरेत, दाब वाढतो. यालाच पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. हा दाब म्हणजे दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी नव्हे. तुमचा बीपी अगदी व्यवस्थित असला तरी पोर्टल दाब वाढलेला असू शकतो.

अडलेले रक्त कुठे जाते?

पोर्टल शिरेत झडपा नसतात, त्यामुळे दाब वाढला की रक्त उलट्या दिशेनेही वाहू शकते. शरीरात काही ठिकाणी पोर्टल बाजूच्या बारीक शिरा आणि थेट हृदयाकडे जाणाऱ्या शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात. या जोडांना पोर्टोसिस्टेमिक अॅनास्टोमोसिस म्हणतात. एरवी त्यांतून नगण्य रक्त जाते. हमरस्ता बंद झाला की गाड्या गल्लीबोळांतून वळवतात, तसे अडलेले रक्त या जोडांतून वाट काढते. पण बोळ मुळात अरुंद असतो, म्हणून त्या शिरा फुगतात.

रुग्णांच्या दृष्टीने यातील तीन ठिकाणे महत्त्वाची आहेत.

*अन्ननलिकेचे खालचे टोक.* जठराच्या वरच्या भागातील शिरा इथे अन्ननलिकेच्या शिरांना मिळतात. त्या फुगल्या की त्यांना व्हॅरिसीस म्हणतात. त्या आतल्या नाजूक अस्तराच्या लगेच खाली असतात. बाहेरून आधार नसतो, त्यामुळे दाब वाढला की त्या फुटू शकतात. फुटेपर्यंत त्या दुखत नाहीत आणि गिळतानाही बहुधा जाणवत नाहीत.

*बेंबी.* पोर्टल शिरेच्या डाव्या फांदीपासून बेंबीपर्यंत बारीक शिरा येतात आणि पोटाच्या त्वचेखालच्या शिरांना मिळतात. त्या फुगल्या की बेंबीपासून चहूकडे वळवळत जाणाऱ्या निळ्या रेषा दिसतात. ग्रीक पुराणातील मेड्युसाच्या केसांच्या जागी साप होते, म्हणून या चिन्हाला कॅपट मेड्युसी असे नाव पडले. या शिरा सहसा फुटत नाहीत.

*गुदाशय.* इथेही शिरा फुगतात. त्या मूळव्याधीसारख्या वाटल्या तरी मूळव्याध नव्हेत. सिरॉसिसच्या रुग्णाच्या शौचावाटे लाल रक्त पडत असेल, तर तपासणी न करता मूळव्याधीचे उपचार सुरू करू नयेत.

बेंबीजवळची शीर डोळ्यांना दिसते पण सहसा धोका करत नाही. अन्ननलिकेतली दिसत नाही पण जीव घेऊ शकते. दोन्ही एकाच दाबाने फुगतात. म्हणून पोटावरच्या शिरा दिसल्या की अन्ननलिकेत काय चालले आहे ते एन्डोस्कोपी करून पाहायला हवे.

प्लेटलेट्स कमी का होतात?

प्लीहेचे रक्तही पोर्टल शिरेतच जाते. ते अडले की प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स तिथे अडकून पडतात. या गृहस्थांच्या ७८ हजार प्लेटलेट्स ही त्याच दाबाची खूण होती. स्थिर सिरॉसिसमध्ये फायब्रोस्कॅनचा आकडा २० पेक्षा कमी आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतील, तर धोकादायक व्हॅरिसीस असण्याची शक्यता फार कमी असते आणि एन्डोस्कोपी पुढे ढकलता येते. यांच्या बाबतीत ती सहा महिन्यांपूर्वीच व्हायला हवी होती.

पोटावर शिरा दिसल्या म्हणजे सिरॉसिसच का?

नाही. खालच्या शरीरातले रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर बंद झाली तरी पोटावर शिरा फुगतात. म्हणून डॉक्टर बेंबीखालच्या एका शिरेवर दोन बोटे ठेवून ती रिकामी करतात, मग एक बोट उचलून रक्त कुठून भरते ते पाहतात. पोर्टल दाबात रक्त बेंबीपासून खाली, जांघेकडे वाहते. महाशीर अडली असेल तर ते खालून वर जाते.

उलट उदाहरणही आहे. काही लहान मुलांमध्ये यकृत निरोगी असते, पण पोर्टल शीरच यकृताबाहेर बंद झालेली असते. अशा मुलाला रक्ताची मोठी उलटी होते, पण बेंबीभोवती शिरा दिसत नाहीत. कारण बेंबीकडे जाणारी वाट अडथळ्याच्या पुढे सुरू होते, तिथपर्यंत वाढलेला दाब पोहोचतच नाही. त्यामुळे पोट स्वच्छ दिसते म्हणून व्हॅरिसीस नाहीत, असे मानू नका.

पुढे काय झाले?

त्यांचे हिमोग्लोबिन ६.८ होते. पोर्टल दाब कमी करणारे औषध आणि प्रतिजैविक शिरेतून लगेच सुरू केले. रक्त दिले, पण बेताने. 'आणखी रक्त का देत नाही?' असे मुलाने विचारले. हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या आसपास ठेवणे पुरते. जास्त रक्त चढवले तर पोर्टल दाब वाढून शीर पुन्हा फुटू शकते. काही तासांत एन्डोस्कोपी करून फुगलेल्या शिरांवर रबरी बँड बसवले. शिरा पूर्ण दबेपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी बँडिंग करावे लागते. सोबत प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलची गोळी असते. ती बीपीसाठी नसून पोर्टल दाबासाठी असते, म्हणून 'बीपी नॉर्मल आहे' असे पाहून ती स्वतःहून बंद करू नका.

घरी काय लक्षात ठेवाल?

सिरॉसिसच्या रुग्णाला रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, डांबरासारखी शौचाला झाली, चक्कर आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता एन्डोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, पण ती चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची नसते. खात्री नसेल तर रक्तस्राव समजूनच चाला. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. दारू पूर्ण बंद ठेवा.