विश्लेषण : उचलायचे ५०० किलो, मग टाय रॉडवर दोन टन ताण कसा?

भोसरी एमआयडीसीतल्या लहान गाळ्यांपासून चाकणच्या मोठ्या शेडपर्यंत, जिथे मशीनवर जड जॉब चढवायचा किंवा डाय बदलायची असते, तिथे कॉलमला लावलेली जिब क्रेन हमखास दिसते. तिची रचना म्हणजे अकरावीच्या पुस्तकातले ‘भिंतीला बिजागरीने जोडलेली आणि दोराने धरलेली तुळई’ हे उदाहरणच. परीक्षेत ते काही गुणांचे असते. शेडमध्ये त्याच्या उत्तरावर बोल्टचा आकार ठरतो आणि हुकाखाली माणूस उभा असतो.

क्रेनचे भाग कोणते?

मुख्य भाग तीनच. एक आडवा बीम, ज्यावर चेनब्लॉकची ट्रॉली पुढे-मागे सरकते. बीमचे मूळ खालच्या ब्रॅकेटमध्ये पिनवर बसवलेले, ही बिजागरी. बीमच्या पुढच्या टोकापासून तिरकी वर जाऊन वरच्या ब्रॅकेटला मिळणारी सळई, म्हणजे टाय रॉड. काही ठिकाणी सळईऐवजी वायर रोप असतो, पण गणित तेच. बिजागरी बीमला जागेवर धरते, मात्र आडवा ठेवू शकत नाही. ते काम फक्त टाय रॉडचे.

रिकाम्या बीमचे गणित कसे?

बीम ४ मीटर लांब आणि १०० किलो वजनाचा धरू. टाय रॉड बीमशी ३० अंशांचा कोन करतो. बीम सगळीकडे सारख्या जाडीचा असल्यामुळे त्याचे वजन बरोबर मध्यावर, मुळापासून २ मीटरवर एकवटले आहे असे मानता येते. पुढे प्लेट वेल्ड केलेला किंवा निमुळता बीम असेल तर हा मध्य सरकतो.

आता मोजणी बिजागरीपासून करायची. कारण बिजागरीवरची बले अजून माहीत नाहीत, पण ती त्याच बिंदूतून जातात. त्यामुळे तिथून आघूर्ण काढले की ती हिशेबातून आपोआप गळतात. वजन बीमला खाली फिरवते : १०० गुणिले २, म्हणजे २०० किलो-मीटर. टाय रॉड वर फिरवतो, पण त्याच्या ताणाचा फक्त उभा भाग कामाचा. ३० अंशांचा साइन अर्धा, म्हणून अर्धा ताण गुणिले ४ मीटर. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या की ताण येतो १०० किलो.

टाय रॉडने ५० किलो वर उचलले, म्हणून उरलेले ५० बिजागरी उचलते. ताणाचा आडवा भाग ८७ किलो. तो बीमला भिंतीकडे दाबतो आणि बिजागरी तेवढ्याच जोराने बीमला बाहेर ढकलते. दोन्ही मिळून बिजागरीवरचे बल १०० किलो, ३० अंश वर कललेले. उत्तर बरोबर आहे का, हे चित्रावरही तपासता येते. वजनाची उभी रेघ, टाय रॉडची रेघ आणि बिजागरीच्या बलाची रेघ एकाच बिंदूत भेटायला हव्यात. नाही भेटल्या तर कुठेतरी चूक आहे.

ओझे टांगल्यावर काय होते?

चेनब्लॉक आणि ट्रॉली धरून ५०० किलो अगदी टोकाला आणले, तर खाली फिरवणारे आघूर्ण २०० अधिक २,०००, म्हणजे २,२०० किलो-मीटर होते. ताण १,१०० किलो. उचललेल्या ओझ्याच्या दुपटीहून जास्त! भिंतीकडचा दाब ९५३ किलो. बिजागरीवर उभा भार मात्र तेवढाच, ५० किलो.

हेच ओझे भिंतीपासून १ मीटरवर आणा. ताण ३५० किलोवर उतरतो आणि बिजागरीचा उभा भार ४२५ वर चढतो. नवी क्रेन बसवल्यावर ‘जरा उचलून बघू’ म्हणत भिंतीजवळच वजन उचलणे म्हणून फसवे आहे. त्या चाचणीत टाय रॉड आणि वरच्या ब्रॅकेटची परीक्षा झालेलीच नसते.

टाय रॉड टोकाला न जोडता मुळापासून ३ मीटरवर जोडला असेल, तर आणखी एक गंमत होते. कोन तोच ठेवून टोकाला ओझे लावले की ताण १,४६७ किलो, त्याचा उभा भाग ७३३. एकूण वजन मात्र ६०० किलो. म्हणजे बीमचे मूळ वर उसळू पाहते आणि बिजागरीला ते १३३ किलोने खाली धरून ठेवावे लागते. नुसती वरून टाकलेली, अडकण नसलेली पिन इथे चालत नाही.

दोन टन येतात कुठून?

वर ईओटी क्रेनचा गर्डर किंवा पाइपलाइन आडवी आली की फिटर वरचा ब्रॅकेट खाली घेतो. टाय रॉड टोकाला जोडलेला असताना ३० अंशांसाठी वरचा ब्रॅकेट बीमपासून २.३ मीटर उंच हवा. तो १.०७ मीटरवर आणला की कोन १५ अंश होतो. ओझे तेच, बीम तोच, पण टोकाला ५०० किलो असताना ताण २,१२५ किलो होतो. दाराच्या दोन बिजागऱ्या एकमेकींजवळ लावल्या तर वरचीचे स्क्रू लवकर उपटतात, तसेच हे आहे. खालचा ब्रॅकेट कॉलमला ढकलतो, वरचा ओढतो. या जोडीला मिळून २,२०० किलो-मीटर पेलायचे असतात. दोघांतले अंतर निम्म्यावर आले की प्रत्येकाचे आडवे बल दुपटीवर जाते. इथे ते ९५३ वरून २,०५३ किलो होते.

हे सर्व आकडे स्थिर ओझ्याचे आहेत. ढिली साखळी झटक्यात ताठ झाली तर बल त्याहून वाढते.

मग धोका नेमका कुठे?

बहुतेकांचे लक्ष टाय रॉडच्या जाडीकडे असते. खरी नाजूक जागा वरच्या ब्रॅकेटचे बोल्ट. बिजागरीचा दाब भिंत बऱ्यापैकी सोसते, ओढ सोसत नाही. शेडच्या कॉलममधली विटांची किंवा ब्लॉकची भिंत ही नुसती आडोशाची असते. तिच्यात अँकर मारून जिब क्रेन लावणे चूकच. क्रेन कॉलमलाच हवी आणि त्या वाकवणाऱ्या बलासाठी कॉलम तपासलेला हवा.

काँक्रीटमध्ये रसायनाने चिकटवलेला अँकरही सतत ओढीखाली हळूहळू सरकू शकतो. बोस्टनमध्ये १० जुलै २००६ रोजी बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पॅनेल मोटारीवर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात, अँकर धरणारे इपॉक्सी सततच्या भाराखाली सरकत गेल्याचे आढळले होते.

आधी कळू शकते का?

बऱ्याचदा कळते. वरच्या ब्रॅकेटच्या प्लेटच्या कडेने रंगाला बारीक चीर पडते, प्लेट आणि कॉलम यांच्यात फट दिसते, तिथून गंजाचा ओघळ येतो. बीमचे टोक पूर्वीपेक्षा खाली आलेले असते आणि मोकळी ट्रॉली आपोआप टोकाकडे घरंगळते. अशा वेळी टाय रॉडचा टर्नबकल आवळून टोक वर घेण्याचा मोह होतो. त्याने बीम पुन्हा आडवा दिसतो, पण सुटत चाललेला बोल्ट तसाच राहतो. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ने उचल-यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी बंधनकारक केली होती. त्या तपासणीला शिडी लावून वरच्या ब्रॅकेटपर्यंत चढावे लागते. खालून टॉर्च मारून ती फट दिसत नाही.