तोंडाने काही द्यायचं नसलं तरी

पक्षाघातानंतर गिळणं बिघडलेलं असेल, तर डॉक्टर बजावतात, "तोंडाने काही देऊ नका." नाकातून नळी घातली जाते आणि दूध, सूप, औषधं सगळं तिच्यातूनच जाऊ लागतं. मग घरच्यांना वाटतं, खाणंच बंद आहे तर दात कशाला घासायचे?

पण खाणं बंद झाल्यावर तोंड जास्त लवकर घाण होतं. चावताना लाळ सुटते, जीभ दातांवरून फिरते आणि तोंड आपोआप धुतलं जातं. ते थांबलं आणि रुग्ण तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, की जिभेवर, टाळूवर चिकट थर वाळून बसतो आणि त्यात जंतू वाढतात. नळीने अन्नाची वाट बदलते, लाळेची नाही. जंतूंनी भरलेली ती लाळ झोपेत थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते. घसा बधिर झालेला असेल तर ठसकाही लागत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

समजा, सत्तरीच्या अण्णांची डावी बाजू गेली आहे. डावा गाल सैल पडलाय, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळते. त्या गालात काही अडकलं तर त्यांना जाणवत नाही, जीभही तिथवर नीट पोचत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलेल्या काहींना तर डावीकडचं भानच राहत नाही. आरसा समोर धरला तरी ते उजवेच दात घासतील. म्हणून मुलगा ब्रश हाती घेण्याआधी टॉर्च घेतो. डावा गाल हलकेच बाहेर ओढून दात आणि गाल यांच्यामधली खाच बघतो. तिथे वाळलेला चिकटा, चुरा झालेली गोळी, गाल दाताखाली येऊन झालेली जखम, काहीही सापडू शकतं. पुसून न निघणारे किंवा पुसल्यावर लालभडक होणारे पांढरे डाग दिसले, तर ती बुरशी असू शकते. ते डॉक्टरांना दाखवायचं.

वेळ निवडायची ती नळीतून अन्न देण्याआधीची. भरल्या पोटी ब्रश जिभेच्या मागे लागून उमासा आला, तर उलटी थेट छातीत जाण्याची भीती. अण्णांना उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली. बसता येत नसेल तर कुशीवर वळवून गालाखाली नॅपकिन, म्हणजे पाणी घशाकडे न जाता बाहेर ओघळेल. आडवं, उताणं ठेवून मात्र कधीच नाही.

खरी काळजी पाण्याची. आपल्याला चूळ भरल्याशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही, पण अण्णांना चूळ द्यायचीच नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा. पेस्ट लावलीच तर तांदळाच्या दाण्याएवढी, आणि फेस न करणारी, कारण फेसही गिळला जातो. "अण्णा, आता डावा गाल उघडतोय," असं सांगून मगच हात लावायचा. दात, हिरड्या, जीभ, टाळूचा पुढचा भाग असं घासत जायचं, आणि मध्ये मध्ये थांबून ओलं, घट्ट पिळलेलं कापड फिरवून सुटलेली घाण टिपून घ्यायची. दातांच्या मधे बोट घालायचं नाही. अचानक चावा बसतो. घरी सक्शन मशीन असेल आणि नर्सने वापरायला शिकवलं असेल, तर काम सोपं होतं.

मधेच खोकला आला, श्वास वाढला किंवा आवाज घशात पाणी असल्यासारखा घुरघुरू लागला, तर लगेच थांबून तोंडातलं पाणी बाहेर काढायचं. असं घासणं दिवसातून किमान दोनदा. एरवी दोन-तीन तासांनी ओल्या कापडाने ओठ आणि जीभ ओली करायची. वॉर्डातली बोरोग्लिसरीनची बाटली मला फारशी पटत नाही. ग्लिसरीन लावताना ओलं वाटतं, पण ते पाणी ओढून घेतं आणि तोंड आणखी कोरडं पडू शकतं.

कवळी असेल तर ती काढून वेगळी घासायची आणि रात्री पाण्यात ठेवायची. गाल सैल झाल्याने ती नीट बसत नाही आणि खाली हिरड्या सोलवटतात.

जपानमधल्या वृद्धाश्रमांत नियमित तोंड स्वच्छ केलेल्या वृद्धांना न्यूमोनिया कमी झाला, असं 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. धोका कमी होतो, संपत नाही. ताप, जोरात चालणारा श्वास, घुरघुर किंवा अचानक वाढलेली गुंगी, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात कधी कधी ताप येतच नाही, तेव्हा गुंगीकडे जास्त लक्ष ठेवायचं. आणि अण्णा पाणी मागतात म्हणून चमचाभर देऊन बघायचं नाही. गिळणं सुधारलंय का, हे स्पीच थेरपिस्टने तपासून सांगायचं असतं.