शीर्षक काढणाऱ्या हाताचा निरोप

वर्तमानपत्राच्या कचेरीत निवृत्तीचा समारंभ बहुधा संध्याकाळचा असतो, पहिली पाने लागायच्या आत. शाल, श्रीफळ आणि चार भाषणे. निवृत्त होणारा माणूस शीर्षकांची अक्षरे काढणारा असला, तर ‘त्यांच्या हातात जादू होती’ हे वाक्य हमखास येते आणि त्यापाठोपाठ ‘आता संगणक आला’ हेही येते. या दोन वाक्यांच्या मधली जागा रिकामी राहते. तो माणूस रोज टेबलाशी बसून नेमके काय करत होता, हे कोणी सांगत नाही. या लेखात ती जागा भरायचा प्रयत्न आहे. अशा निरोपाला कोणी उभे राहणार असेल, तर त्याने भाषणासाठी यातले हवे ते उचलावे.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. रोजच्या बातम्यांचे मथळे हा माणूस काढत नसे. ते खिळ्यांत जुळवले जात. जुळारी केसमधून खिळे उचलून मथळा बांधी. मोठ्या मापाचे खिळे महाग आणि जड असत, शिवाय त्यांच्या वळणांत फारशी निवड नसे. हाताने काढायचे काम होते ते रविवार पुरवणीतल्या मुख्य लेखाचे शीर्षक, क्रमशः कादंबरीचे नाव, कायमच्या सदराचे डोके, दिवाळी अंकाची पाने, नाटक-सिनेमाच्या जाहिराती यांचे. जिथे मजकुराला स्वतःचा चेहरा हवा, तिथे हे टेबल लागे.

मराठीत या टेबलावरचे सर्वांत परिचित नाव कमल शेडगे यांचे. टाइम्स समूहाच्या कलाविभागात त्यांनी अनेक वर्षे काम केले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची नावे एका स्तंभाच्या चिंचोळ्या जागेतूनही वाचकाला थांबवत. ‘माझी अक्षरगाथा’ या पुस्तकात त्यांनी आपल्या कामाचा पट मांडला आहे. जुलै २०२० मध्ये ते गेले. शेडगे प्रसिद्ध झाले, कारण नाटकाचे नाव लोकांच्या तोंडी राहते. जिल्ह्याच्या दैनिकात तेच काम करणाऱ्यांची अक्षरे मात्र दुसऱ्या दिवशी रद्दीत गेली.

त्या कामाचा आवाका कळावा म्हणून एक शीर्षक काढून बघू. हरसूल हे नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वर तालुक्यातले गाव. नाशिक आणि पालघरच्या आदिवासी पट्ट्यात देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचवायचा बोहाडा होतो. समजा, नाशिकच्या एखाद्या दैनिकाच्या पुरवणीत लेख आला आहे आणि शीर्षक ठरले आहे: ‘हरसूलचा बोहाडा’. जागा तीन स्तंभांची, म्हणजे साधारण बारा सेंटिमीटर.

अक्षरे काढणारा आधी शीर्षक वाचत नाही, त्यातले उभे दंड मोजतो. ‘हरसूलचा’ मधले ‘ह’ आणि ‘र’ यांना पूर्ण उंचीचा दंड नाही, त्यामुळे शब्दाची सुरुवात मोकळी दिसते. ‘सू’ला एक दंड आहे. ‘चा’मध्ये च-चा दंड आणि काना असे दोन दंड शेजारी उभे राहतात. म्हणजे शब्दाची डावी बाजू हलकी आणि उजवी दाट. ‘बोहाडा’त ब-चा एक दंड आणि तीन अक्षरांचे तीन काने, असे चार दंड झाले. पण ‘बो’चे दोन दंड सोडले, तर ‘ह’ आणि ‘ड’ मध्ये असल्याने बाकीचे आपोआप एकमेकांपासून लांब पडतात. तेव्हा अवघड शब्द पहिलाच. त्यात ‘हर’ जवळ आणायचे आणि ‘चा’च्या कान्याला जरा श्वास द्यायचा. सगळ्या अक्षरांमध्ये मोजून सारखे अंतर ठेवले तर शब्द उजवीकडे कललेला दिसतो. मोजपट्टीला जे सारखे वाटते ते डोळ्याला सारखे वाटत नाही. या माणसाचा निम्मा पगार त्या फरकासाठी होता.

‘ल’ला मी मुद्दाम वगळले, कारण सगळा कस तिथे लागतो. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा असतो. दोन पाकळ्या आणि मध्ये शिरोरेषेला टांगलेला देठ, उजवीकडे दंड नाही. हिंदी वळणाच्या ल-ला मात्र उजवीकडे पूर्ण दंड असतो. आपल्या शीर्षकात हिंदी वळणाचा ल घातला, तर ल-चा दंड, च-चा दंड आणि काना असे तीन गज एका ओळीत येतात आणि शब्दाचा उजवा भाग कुंपणासारखा दिसू लागतो. पाकळ्यांचा ल मध्ये आला की तिथे गोलाई येते आणि ‘चा’चे दोन दंड सुटे वाचता येतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल मान्य केला. शीर्षके काढणाऱ्यांच्या हातात तो आधीपासूनच होता.

आता संपादक म्हणतो, एका ओळीत नको, दोन ओळींत घ्या. इथे नवी अडचण उभी राहते. ‘सू’चा ऊकार खाली लोंबतो. दुसऱ्या ओळीत ‘बो’ची मात्रा वर चढते. दोन्ही शब्द मध्यावर आणले की ‘बोहाडा’ आखूड असल्याने तो आत सरकतो आणि त्याची मात्रा जवळजवळ ऊकाराच्या वाटेत येते. जुळारी अशा वेळी दोन ओळींत शिशाची पट्टी वाढवून त्यांना लांब करी. मग दोन शब्द दोन वेगळ्या लेखांचे वाटत. अक्षरे काढणाऱ्यापुढे तीन वाटा असत: दुसरी ओळ डावीकडे सरकवणे, ऊकाराची शेपटी उजवीकडे वळवून मात्रा डावीकडे झुकवणे, किंवा दोन्हींची सरळ गुंफण करणे. तिसरी वाट सर्वांत देखणी आणि सर्वांत धोक्याची. गुंफण चुकली तर वाचक ‘सू’चा ‘सु’ वाचतो.

हे सगळे पेन्सिलीने होई, आधी रद्दी कागदावर, मग जाड पांढऱ्या कार्डावर. मूळ चित्र छापायच्या मापाच्या दीडपट किंवा दुप्पट काढत. म्हणजे आपल्या शीर्षकासाठी अठरा किंवा चोवीस सेंटिमीटर. लहान करताना हाताची थरथर लपते, पण बारीक रेघाही लपतात. दुप्पट चित्रातली एक मिलिमीटरची रेघ छापताना अर्धा मिलिमीटर राहते. बाह्यरेषा काळ्या शाईने पेनाने, आतला भराव ब्रशने, चुकलेली कड पांढऱ्या पोस्टर रंगाने. मग प्रोसेस कॅमेऱ्याने फोटो, जस्ताच्या पत्र्यावर उतरवून नायट्रिक आम्लात कोरलेला ब्लॉक, तो लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा करायचा, की तो खिळ्यांबरोबर फर्म्यात बसे. ऑफसेट आल्यावर ब्लॉक गेला आणि ब्रोमाइड आले. ते कात्रीने कापून रबर सोल्युशनने पानावर चिकटवत.

वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. ‘ब’च्या पोटातली रेघ किंवा ‘ड’चा आतला कोपरा छपाईत भरून येतो आणि अक्षर डाग वाटते. म्हणून हा माणूस मूळ चित्रात पोट जरा मोठे ठेवी आणि कोपऱ्यात बारीक खाच मारी. मूळ कार्ड हातात घेतले तर अक्षर जरा विचित्र, पोखरलेले दिसते, छापल्यावर मात्र नीट. कोणाचे कार्ड उत्तम, हे कार्ड बघून कळत नाही. छापलेले पान शेजारी ठेवावे लागते.

मग संगणक आला. १९८५ मध्ये पेजमेकर बाजारात आले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या मराठी फॉन्टांनी नव्वदच्या दशकात छापखान्यांची टेबले भरली. त्या फॉन्टांत एकूण २५६ घरे होती आणि त्यातली कित्येक आधीच अडलेली. देवनागरीतली जोडाक्षरे, रफार, वेलांट्या एवढ्या घरांत मावणार कशा? म्हणून अक्षरांचे तुकडे करून ठेवले. एक मात्रा सगळ्यांना, एक ऊकार जवळजवळ सगळ्यांना. ‘र’सारख्या अरुंद अक्षरावर आणि ‘क्ष’सारख्या रुंद अक्षरावर तीच मात्रा, त्याच मापाची. खिळ्यांच्या काळातली ही जुनी अडचण होती. अक्षरे काढणाऱ्याने ती शीर्षकापुरती दूर केली होती, आता ती शीर्षकातही परत आली.

त्याहून मोठे नुकसान झाले ते माऊसच्या एका ओढीने. समजा, फॉन्टमधले ‘हरसूलचा बोहाडा’ पंधरा सेंटिमीटर भरले. जागा बारा. पान लावणारा ते आडवे ऐंशी टक्क्यांवर आणतो. अक्षराची उंची तीच राहते, पण उभा दंड चार मिलिमीटर जाड असेल तर ३.२ होतो आणि आडवी शिरोरेषा चारच राहते. अक्षरांचे पाय रोडावतात, डोके जड होते. असे शीर्षक ओळखायला शिरोरेषा आणि दंडाची जाडी बघावी. ज्या वळणात दंड जाड असतात त्यात शिरोरेषा दंडाहून भारी दिसली, की तिथे कोणीतरी ओढले आहे. हाताने काढणारा तीच तीन सेंटिमीटरची तूट प्रत्येक अक्षराकडून थोडी थोडी मागून घेई: ‘ल’च्या पाकळीकडून जास्त, ‘र’कडून काहीच नाही, दंडाच्या जाडीला हातही न लावता.

याचा दोष तंत्राला देणे मला मान्य नाही. र. कृ. जोशी यांनी आयुष्यभर हाताने अक्षरे काढली आणि पुढे विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्टही घडवला. युनिकोड आणि ओपनटाइप आल्यापासून २५६ घरांचे बंधन उरले नाही. एकाच फॉन्टमध्ये निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या, हिंदीचा आणि मराठीचा वेगळा ल ठेवता येतो. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’ आणि ‘बालू’सारखे फॉन्ट मोफत खुले केले. उर्दूत हाच प्रश्न आणखी बिकट होता, कारण नस्तालीक अक्षरे तिरकी उतरत जातात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने हजारो अक्षरजोड्या आधीच लिहून यंत्रात भरल्या. म्हणजे यंत्रातही आधी कातिबाचा हातच गेला. चेन्नईचा ‘द मुसलमान’ मात्र त्यानंतरही दीर्घकाळ हाताने लिहिला जात राहिला.

फॉन्ट एक गोष्ट मात्र सहसा करत नाही. आपल्या शीर्षकात ‘ह’ दोनदा येतो. फॉन्टमध्ये दोन्ही ‘ह’ अगदी एकसारखे येतील. हाताने काढलेल्यात पहिला ‘ह’ शब्दाचे दार म्हणून जरा मोठी शेपटी घेतो आणि दुसरा दोन दंडांमध्ये उभा असल्याने आटोपशीर राहतो. जुन्या अंकात हाताचे शीर्षक ओळखायची ही खात्रीची खूण: एकाच शीर्षकात दोनदा आलेले अक्षर शोधावे.

तेव्हा निरोपाचे भाषण असे व्हावे: “साहेब, तुम्ही आमच्या पुरवणीसाठी शब्दांना जागा करून दिली. संपादकांनी रात्री नऊला शीर्षक बदलले, तेव्हा तुम्ही अर्धे कार्ड फाडून पुन्हा दंड मोजले. ‘सू’चा ऊकार आणि ‘बो’ची मात्रा यांची तुम्ही घातलेली गाठ कोणी नावाजली नाही, कारण तिथे कोणी अडखळले नाही. आज तुमच्याकडून एक मागणे आहे. तुमची कार्डे घरी नेऊ नका, आणि नेलीत तर आम्हाला स्कॅन करू द्या.”

हे मागणे शोभेचे नाही. रबर सोल्युशन काही वर्षांत पिवळे पडते आणि कागदात उतरते. नीट न धुतलेले ब्रोमाइड तपकिरी होते. कार्डावरची काळी शाई मात्र टिकते. कार्डे चिकटपट्टीने न बांधता आम्लरहित कागदात सुटी ठेवावीत, काळ्या-पांढऱ्यात १२०० डीपीआयला स्कॅन करावीत. शक्य असेल तर एक प्रत राखाडी छटांतही घ्यावी, कारण पांढऱ्या रंगाने झाकलेली पहिली रेघ काळ्या-पांढऱ्यात दिसत नाही आणि शिकणाऱ्याला हवी असते ती नेमकी तीच रेघ. प्रत्येक कार्डाच्या मागे छापल्याची तारीख आणि पान लिहावे. त्या तारखेचे छापलेले पानही सोबत ठेवावे. आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक कार्डाबद्दल विचारावे, की यातले कोणते अक्षर आधी काढले.