ट्रॅक्टर दारात, मालकी कागदावर

वाशीम जिल्ह्यातला पाच एकरांचा एक शेतकरी समजा. खरिपात सोयाबीन, पाणी पुरलं तर रब्बीत हरभरा. साडेसहा लाखांचा ट्रॅक्टर रोखीनं घेणं त्याला जमणारं नाही. मग दीड लाख आधी भरायचे, उरलेले पाच लाख पाच वर्षांत दहा सहामाही हप्त्यांनी फेडायचे आणि शेवटी ठरलेली रक्कम देऊन ट्रॅक्टर नावावर करून घ्यायचा, असा भाडेपट्ट्याचा करार होतो. दारात हळदीकुंकू वाहिलेला ट्रॅक्टर उभा राहतो, पण मालकी कंपनीकडेच राहते.

गंमत अशी की मोटार वाहन कायदा मात्र वेगळं म्हणतो. 1988च्या या कायद्याच्या व्याख्येनुसार भाडेपट्टा, भाडे-खरेदी किंवा तारण करारातल्या वाहनाचा 'मालक' म्हणजे ज्याच्या ताब्यात ते आहे तो. म्हणजे अपघात झाला तर जबाबदारी शेतकऱ्याची आणि विकायचा म्हटलं तर परवानगी कंपनीची. त्यामुळे विम्यात खंड पडू देणं परवडत नाही. ट्रॉलीची नोंदणी आणि विमाही वेगळा असतो, हे अनेकांना अपघातानंतरच कळतं. शेतीकामाच्या विम्यावर भाड्यानं वाळू-विटा वाहिल्या, तर दावा अडकण्याची भीती असते ती वेगळीच.

करारावर सही करण्याआधी एजंट हमखास म्हणतो, "भाऊ, व्याज फक्त दहा टक्के." हे दहा टक्के बहुधा 'फ्लॅट' असतात. म्हणजे पाच लाखांवर पाच वर्षांचं अडीच लाख व्याज सुरुवातीलाच धरायचं आणि साडेसात लाखांचे दहा हप्ते पाडायचे, प्रत्येकी 75 हजार. पण दर हप्त्यागणिक मुद्दल कमी होत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर मोजलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला, तर हाच दर वर्षाला 16 टक्क्यांच्या वर जातो. दुसरी कंपनी घटत्या शिलकीवर 14 टक्के सांगत असेल, तर तिचा हप्ता साधारण 71,200 रुपयांचा पडतो. ऐकायला महाग वाटणारा करार इथे एकूण 38 हजारांनी स्वस्त निघतो.

हप्त्याच्या तारखेवर शेतकरी सहसा घासाघीस करत नाहीत, आणि खरं तर ती तिथेच करायला हवी. सोयाबीन ऑक्टोबरच्या आसपास निघतं. हप्ता 31 ऑक्टोबरला असेल, तर ओलसर माल, ऐन आवकेच्या गर्दीत, मिळेल त्या भावानं विकावा लागतो. हमीभावानं विकायचं, तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा आणि पैसे खात्यावर यायला वेळ लागतो. तारीख 15 डिसेंबर लिहून घेतली, तर माल वाळवायला आणि भाव बघायला सवड मिळते. दुसरा हप्ता हरभऱ्यानंतर, एप्रिलअखेर. रब्बी बेभरवशाची असेल, तर दोन्ही हप्ते सारखे ठेवण्याचा हट्टही धरू नये. खरिपाचा मोठा, रब्बीचा लहान अशी विभागणी मागता येते.

देखभालीचं कलम बहुतेक करारांत एका ओळीचं असतं: सगळा खर्च वापरणाऱ्याचा. पहिली सर्व्हिसिंग साधारण 50 तासांनी, पुढची बऱ्याच मॉडेलांत दर 250 तासांनी. तास मोजायचे ते डॅशबोर्डवरच्या अवर मीटरवर, कॅलेंडरवर नव्हे. शेजाऱ्यांच्या शेतात भाड्यानं रोटाव्हेटर चालवला, की हंगामात तास भराभर वाढतात. धुळीत काम केल्यावर एअर क्लीनर साफ केला नाही, तर इंजिनाला हवा कमी पडते, धूर काळा येतो आणि डिझेल जास्त लागतं. चिखलणी केली असेल, तर नंतर गिअरबॉक्सची तेलपट्टी ओढून पाहावी. तेल दुधाळ दिसलं, तर सीलमधून पाणी शिरलंय. तेव्हाच तेल बदलून सील टाकलं, तर थोडक्यात भागतं; तसंच दामटलं, तर बेअरिंग आणि गिअर जातात. अशा वेळी शिक्के मारलेलं सर्व्हिस बुक हाताशी नसेल, तर वॉरंटीचा दावा टिकवणं अवघड होतं.

शेवटच्या खरेदीची किंमत आकड्यातच हवी. 'त्या वेळच्या बाजारभावानं' असं लिहिलं असेल, तर पाच वर्षं पैसे भरून, स्वतःच्या खर्चानं नीट ठेवलेल्या ट्रॅक्टरचीच जास्त किंमत मोजावी लागते. आकडा लिहिलेला असला, की हा वाद उरत नाही.

ती रक्कम भरली, की काम संपलं असं वाटतं, पण आरसी बुकावर कंपनीचं नाव तसंच असतं. कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि तिच्या सहीशिक्क्याचा फॉर्म 35 घेऊन आरटीओकडे ही नोंद काढून घ्यावी लागते. ते राहून गेलं, तर पुढे ट्रॅक्टर विकताना गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि शेतकरी कंपनीच्या जुन्या शाखेचा पत्ता शोधत फिरतो.