सात अब्ज डॉलरची वेस

एक कल्पित कुटुंब घेऊ. नोकरी, घर, पीएफ सगळे पुण्यात, आणि म्युच्युअल फंडांतले २५ लाखही भारतीय शेअरांतच. जगाच्या शेअर बाजारमूल्यात भारताचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आहे, या घराच्या शेअर गुंतवणुकीत मात्र तो १०० टक्के. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ५ लाख, जागतिक फंडात न्यावा हा विचार मला रास्त वाटतो. त्याला रुपयाचीही जोड मिळते. २०१४ च्या अखेरीस डॉलर ६३ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस तो ८५ च्या पुढे गेला.

अडचण येते ती प्रत्यक्ष खरेदीत. भारतीय म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात ७ अब्ज डॉलरच गुंतवायचे, ही मर्यादा २००८ मध्ये ठरली. तेव्हा या उद्योगाकडे सुमारे ५ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२५ मध्ये ते ६५ लाख कोटींवर गेले, मर्यादा मात्र तीच राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती भरत आली आणि अनेक योजनांनी नवे पैसे घेणे थांबवले. परदेशी ईटीएफमधल्या गुंतवणुकीसाठी १ अब्जाची वेगळी मर्यादा आहे. तीही २०२४ मध्ये भरत आली.

दार बंद झाले की लोक शेअर बाजारात आधीच असलेल्या ईटीएफकडे वळतात. नवे युनिट तयार होत नाहीत, मागणी तर वाढते, त्यामुळे किंमत आतल्या शेअरांच्या मूल्यापेक्षा वर चढते. समजा मूल्य १०० आहे आणि बाजारभाव ११५. आपल्या ५ लाखांत सुमारे ४,३४८ युनिट येतात, पण त्यांच्या पोटातला माल ४.३५ लाखांचाच असतो. पुढे निर्देशांक १० टक्के वाढला आणि हा वरचा चढावा विरला, तर भाव ११० होईल. म्हणजे जग वाढूनही आपण ४ टक्क्यांहून अधिक तोट्यात. वर्षाचा अर्धा टक्का खर्च त्यापुढे काहीच नाही. म्हणून खरेदीआधी फंड कंपनीच्या संकेतस्थळावर iNAV पाहावा. परदेशी बाजार तेव्हा बंद असेल तर तो आकडाही थोडा शिळा असतो. भाव त्याहून दोन-तीन टक्क्यांपेक्षा वर असेल, तर मी थांबेन. नवे पैसे घेणारी साधी योजना सापडली तर तीच बरी, कारण तिथे युनिट मूल्यालाच मिळते.

स्वतः पैसे बाहेर पाठवण्याचा मार्गही आहे. एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, आणि एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही. त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापले जातात. ते विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. शिवाय बँकेचे शुल्क आणि विनिमय दरातली तफावत लागते, आणि दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. अमेरिकी शेअर ६०,००० डॉलरच्या पुढे गेले, तर गुंतवणूकदाराच्या मृत्यूनंतर वारसांना तिथला वारसा कर लागू शकतो. आपल्या ५ लाखांना त्याची भीती नाही.