हप्ता एक तारखेला की दहा तारखेला?

पगार १ तारखेला जमा होतो आणि गृहकर्जाचा हप्ता १० तारखेला कापला जातो. मधले नऊ दिवस ती रक्कम बचत खात्यात पडून असते. तीच आधी कर्जात भरली तर किती वाचेल?

समजा, ३० लाखांचं कर्ज आहे, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो सुमारे २७ हजार रुपये. या २७ हजारांवरचं एका दिवसाचं व्याज ६ रुपये ६६ पैसे, म्हणजे नऊ दिवसांचे साठ रुपये. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज मिळत असेल, तर तिथे याच काळात सोळा-सतरा रुपये मिळाले असते. निव्वळ फायदा उरला महिन्याला त्रेचाळीसेक रुपयांचा.

रक्कम किरकोळ वाटते, पण दर महिन्याचे वाचलेले साठ रुपये मुद्दल तेवढं कमी करतात आणि पुढचं व्याज त्या कमी मुद्दलावर लागतं. व्याजदर तोच राहिला, तर वीस वर्षांच्या शेवटी ही बचत सुमारे ४० हजारांवर, म्हणजे जवळपास दीड हप्त्यावर जाते.

मात्र हे गणित तुमच्या कर्जाला लागू आहे का, ते आधी पाहा. काही ठिकाणी व्याज रोजच्या शिलकेवर मोजून महिन्यातून एकदा खात्यावर टाकलं जातं, तर काही ठिकाणी महिन्याचं सरसकट धरलं जातं. कर्जखात्याच्या उताऱ्यात जानेवारी आणि फेब्रुवारीचं व्याज शेजारी ठेवून बघा. ३० लाखांवर रोजच्या हिशेबाने ३१ दिवसांचं व्याज सुमारे २२,९०० रुपये होतं आणि २८ दिवसांचं २०,७००. दोन्ही महिन्यांत आकडा साडेबावीस हजारांच्याच आसपास दिसला, तर मोजणी महिन्याची आहे आणि चार दिवस आधी भरून काही हाती लागणार नाही.

दुसरी अडचण भरण्याच्या पद्धतीत आहे. १ तारखेला स्वतःहून पैसे भरले तरी १० तारखेचं ऑटो डेबिट आपोआप थांबत नाही. बँक आधीची रक्कम मुदतपूर्व परतफेड समजून मुद्दलातून वजा करते आणि हप्ता पुन्हा कापायला जाते. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो. मग न वटल्याचं शुल्क, वर दंडाची आकारणी आणि क्रेडिट अहवालावर डाग. साठ रुपये वाचवायला जाऊन शेकडो रुपये गमावण्याचा हा मार्ग. काही संस्था तर आगाऊ रक्कम वेगळी बाजूला ठेवतात आणि हप्त्याच्या तारखेलाच जमा करतात, तेव्हा व्याज एक पैसाही वाचत नाही.

म्हणून दरमहा हाताने आधी भरण्याच्या भानगडीत पडू नका. बँकेत लेखी अर्ज देऊन हप्त्याची तारीखच पगारानंतरच्या तीन-चार दिवसांत बदलून घ्या. पगार कधीकधी उशिरा होत असेल, तर मात्र १० तारीखच बरी.